‘कामात आहे, नंतर बोलू’: पुंडलिकाच्या कथेवरील तीस सेकंदांच्या चित्रफितीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वारकरी परंपरेत कीर्तन करणाऱ्या एका बुवांच्या छोट्या यूट्यूब चॅनेलचे आहे. चॅनेलवरचे चित्रीकरण, संकलन आणि शीर्षके अशी सगळी कामे त्यांची पुतणी मोबाइलवरच करते. चॅनेलवर दीड-दोन तासांची संपूर्ण कीर्तने आहेत, आणि त्यांतलेच तुकडे कापून उभ्या चौकटीतले शॉर्ट्स टाकण्याचा प्रघात होता. २०२५ च्या आषाढी एकादशीच्या आधी, म्हणजे ६ जुलैपूर्वी, विठ्ठल विटेवर का उभा राहिला या कथेवर एक स्वतंत्र शॉर्ट करावा असे ठरले आणि त्याच्या संहितेसाठी मला बोलावण्यात आले. अट एवढीच होती की शॉर्ट तीस सेकंदांचा असावा आणि त्याची सुरुवात प्रेक्षकाला आपलासा वाटेल अशा प्रश्नाने व्हावी.

कथा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत असताना देव त्याच्या दारी आला, पुंडलिकाने त्याला उभे राहण्यासाठी वीट टाकली, आणि देव कमरेवर हात ठेवून त्या विटेवर उभा राहिला. देव दारी का आला याबद्दल निरनिराळे कथनप्रकार आहेत. एकात तो रुसलेल्या रुक्मिणीला शोधत दिंडीरवनात येतो, तर दुसऱ्यात भक्ताची सेवा पाहून प्रसन्न होऊन येतो. पण दार, सेवा आणि वीट या तीन गोष्टी सगळीकडे सारख्याच आहेत. तीस सेकंदांत त्याहून अधिक काही मावणारही नव्हते.

अडचण

चॅनेलवरच्या जुन्या शॉर्ट्सची आकडेवारी पुतणीने उघडून दाखवली. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सची मोजणी बदलली असून चित्रफीत सुरू झाली किंवा पुन्हा वाजली की प्रत्येक वेळी एक दर्शन मोजले जाते. त्यामुळे वरवरचा आकडा मोठा दिसत होता, पण माणूस थांबला की पुढे सरकला, याचा त्यातून काहीच बोध होत नव्हता. खरी माहिती दोनच ठिकाणी होती. किती जणांनी पाहिले आणि किती जणांनी बोटाने सारून दिले हे प्रमाण एकीकडे, आणि प्रेक्षक कोणत्या सेकंदाला सोडून गेले हे दाखवणारा आलेख दुसरीकडे. जवळपास प्रत्येक शॉर्टमध्ये आलेखाची रेघ पहिल्या दोन-तीन सेकंदांतच कोसळत होती आणि त्यानंतर मात्र बरीच सपाट चालत होती. म्हणजे जे थांबले त्यांना कीर्तन आवडत होते. थांबायचे की नाही हा निर्णय मात्र बुवा मूळ विषयावर येण्याआधीच घेतला जात होता.

याचे कारण कीर्तनाच्या घडणीतच आहे. कीर्तनाला आलेला श्रोता बसायचे ठरवूनच आलेला असतो. नमन, नामघोष, अभंगाचे चरण आणि मग निरूपण हा क्रम त्याचे मन हळूहळू स्थिर करतो. मोबाइलवरच्या माणसाने काहीच ठरवलेले नसते. तो बसमध्ये उभा असतो किंवा कुकरच्या शिट्टीची वाट पाहत असतो, आणि बोट आधीच पुढच्या चित्रफितीकडे निघालेले असते. कीर्तनातून कापलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला बहुधा मागच्या वाक्याचे शेपूट किंवा टाळांचा गजर असे, आणि तो ऐकण्याइतकाही त्याला अवकाश नसतो.

दुसरी अडचण विषयाची होती. आषाढीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर पालख्या, रिंगण, तुळशी आणि विठ्ठलाची मूर्ती यांचा पूर येतो. त्या गर्दीत मूर्तीने सुरू होणारी आणखी एक चित्रफीत लागली, की पुढे काय येणार हे माणसाला आधीच कळते. तो मनोमन हात जोडतो आणि पुढे जातो. त्यात अनादर मुळीच नाही, पण कथा ऐकायची राहून जाते.

विचारात घेतलेले प्रश्न

पहिल्या बैठकीत पुतणीने लिहून आणलेला प्रश्न असा होता: ‘तुम्हाला माहीत आहे का, विठ्ठल विटेवर का उभा आहे?’ भक्तिपर चित्रफितींत हा साचा सर्वाधिक दिसतो, आणि तो नापास का होतो हे नीट पाहण्यासारखे आहे. हा प्रश्न प्रेक्षकाची परीक्षा घेतो. मराठी प्रेक्षकांपैकी बहुतेकांना उत्तर लहानपणापासून ठाऊक असते, त्यामुळे ‘हो, माहीत आहे’ म्हणत ते निघून जातात. ज्यांना ठाऊक नसते त्यांची उत्सुकता चाळवते खरी, पण तिचा त्यांच्या दिवसाशी काही संबंध नसतो. प्रश्न देवाविषयी असतो, ऐकणाऱ्याविषयी नसतो.

दुसरा प्रस्ताव नेमका उलट टोकाचा होता: ‘तुम्ही आईवडिलांची सेवा करता का?’ हा प्रश्न व्यक्तिगत आहे, पण आपलासा नाही. तो बोट रोखून विचारलेला आहे. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते. ‘हो’ म्हणणाऱ्याला पुढे ऐकण्याचे कारण उरत नाही आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला पुढे ऐकण्याची इच्छा उरत नाही. ‘सेवा’ हा कीर्तनात सहज येणारा शब्दही प्रश्नात आला की व्यासपीठावरून खाली उतरत नाही, कारण आपल्या आईशी आपले जे नाते असते त्याला घरात कोणीच सेवा म्हणत नाही.

तिसरा प्रस्ताव एका परिचिताने सुचवला होता. ‘विठ्ठलाचा आशीर्वाद हवा आहे का? मग शेवटपर्यंत पाहा’ या धर्तीची वाक्ये चालतात, असे त्याचे म्हणणे होते. ती चालतात हे मीही नाकारत नाही. बुवांनी मात्र हा पर्याय ऐकताक्षणीच बाजूला ठेवला. आपल्या कीर्तनात आपण देवाशी व्यवहार करायला कोणाला शिकवलेले नाही, असे ते म्हणाले. मला त्यात संहितेच्या दृष्टीनेही दोष दिसत होता. पुंडलिकाची कथा ही आशीर्वादासाठी थांबलेल्या माणसाची नाही. आशीर्वाद दारात उभा असताना हातातले काम न सोडणाऱ्या माणसाची आहे. ‘शेवटपर्यंत पाहा, देव पावेल’ हे वाक्य त्या कथेच्या थेट विरोधात जाते.

निर्णयाचा पहिला टप्पा: प्रश्न कथेतूनच काढणे

तीनही प्रस्ताव बाजूला पडल्यावर आम्ही प्रश्न शोधायचे थांबवले आणि कथेतल्या कोणत्या क्षणी प्रेक्षक स्वतः उभा असू शकतो, हे पाहायला लागलो. देवाच्या जागी तो नाही, हे उघड आहे. पुंडलिकाच्या जागी बसवले तर ती खुशामत होते. पण पुंडलिकाच्या तोंडचे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असते. तो देवाला जे सांगतो ते आजच्या भाषेत ‘कामात आहे, जरा थांब’ एवढेच आहे. हेच वाक्य आपण दिवसातून अनेकदा फोनवर म्हणतो. फरक इतकाच की पुंडलिकाने ते आईवडिलांसाठी देवाला ऐकवले आणि आपण कामासाठी पुष्कळदा आईवडिलांनाच ऐकवतो.

इथे सगळ्या संहितेची कळ सापडली. पहिल्या चार सेकंदांत प्रेक्षकाचे वाक्य त्याच्याच आवाजात ऐकवायचे, आणि पुढच्या वाक्यात तेच पुंडलिकाच्या तोंडी द्यायचे. असे केले की प्रश्न हा कथेला बाहेरून लावलेला गळ राहत नाही. कथा त्या प्रश्नाचे उत्तर होते, आणि उत्तर अपेक्षेच्या उलट दिशेने येते. ज्या भक्तिपर चित्रफितींत प्रश्न एक असतो आणि कथा दुसरीच निघते, त्यांचा आलेख पाचव्या-सहाव्या सेकंदाला दुसऱ्यांदा कोसळतो. चॅनेलच्या दोन जुन्या शॉर्ट्समध्ये हे स्पष्ट दिसत होते.

निर्णयाचा दुसरा टप्पा: प्रश्नाचा नेम किती सरळ धरायचा

प्रश्नाचा पहिला खर्डा होता: ‘आईचा फोन आला आणि “कामात आहे, नंतर बोलू” म्हणून शेवटचा कधी ठेवलात?’ वाचताना तो चटका लावत होता. पुतणीला तो फार आवडला. माझी शंका दोन ठिकाणी होती. ज्यांची आई हयात नाही त्यांच्यासाठी ‘शेवटचा’ हा शब्द वेगळाच अर्थ घेऊन येतो, आणि तीस सेकंदांत त्या जखमेवर फुंकर घालायला जागा नाही. शिवाय आईचे नाव आधीच घेतले की उत्तर आम्हीच देऊन टाकले असे होते. प्रेक्षकाला आठवायला काही उरत नाही, फक्त ओशाळायला उरते.

म्हणून व्यक्ती प्रश्नातून काढली आणि काळ सैल केला. ‘आज कोणाला म्हणालात?’ असे करून पाहिले, पण सकाळी पाहणाऱ्याने आज अजून कोणालाच काही म्हटलेले नसते. शेवटी प्रश्न असा झाला: ‘“कामात आहे, नंतर बोलू.” काल-परवा हे तुम्ही कोणाला म्हणालात?’ ‘काल-परवा’मुळे आठवण जवळची राहते आणि ‘कोणाला’मुळे चेहरा ज्याचा त्याला दिसतो. कोणाला तो आईचा दिसेल, कोणाला मुलाचा, कोणाला गावाकडच्या मित्राचा. ‘नंतर बोलू’ हे रूप घेण्याचे आणखी एक साधे कारण होते. ‘नंतर करतो’ म्हटले की ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना ते वाक्य आपले वाटत नाही.

संहिता

बोलण्याची संहिता बोलीच्या उच्चारानेच लिहिली, कारण लेखी ‘पुंडलिकाने’ वाचून बोलताना बुवांचा स्वर पाठांतरासारखा होत होता. अंतिम पाठ असा:

> (० ते ४ सेकंद) ‘कामात आहे, नंतर बोलू.’ काल-परवा हे तुम्ही कोणाला म्हणालात?
>
> (एक सेकंद शांतता)
>
> (५ ते १७) पुंडलिकानं हेच साक्षात देवाला ऐकवलं. देव दारात उभा होता. आत तो आईवडिलांचे पाय चेपत होता. जागेवरून न उठता त्यानं वीट टाकली. ‘यावर थांब. माझं काम व्हायचंय.’
>
> (१७ ते २४) देव रागावला नाही. कमरेवर हात ठेवून तो विटेवर उभा राहिला. आजही उभाच आहे.
>
> (२४ ते २८) पुंडलिकानं आईवडिलांसाठी देवाला थांबवलं. आपण कोणासाठी कोणाला थांबवतो?
>
> (२८ ते ३०) कीर्तनातला सामूहिक गजर.

एकूण छप्पन्न शब्द आहेत. बुवांचा स्वाभाविक वेग पाहता सत्तावीस-अठ्ठावीस सेकंदांत तेवढेच आरामात बसतात. आधीचा खर्डा नव्वदीच्या घरात होता, आणि तो म्हणताना ते श्वास घ्यायचे विसरत होते. शब्द कागदावर मोजून हे पुरते कळत नाही. घड्याळ लावून मोठ्याने म्हणूनच पाहावे लागते, कारण ‘आईवडिलांसाठी’ हा एक शब्द ‘वीट’सारखे तीन शब्द खातो. काटछाटीत दिंडीरवन, रुक्मिणी आणि अठ्ठावीस युगे ही तिन्ही गेली. अठ्ठावीस युगांचे बुवांना वाईट वाटले, पण ‘आजही उभाच आहे’ या तीन शब्दांत तेच येते असे त्यांनी मान्य केले.

बुवांशी झालेले मतभेद

पहिला मतभेद नमनाचा होता. नामघोषाशिवाय तोंड उघडणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते, आणि ही अडचण केवळ सवयीची म्हणून झटकण्यासारखी नव्हती. तोडगा शेवटी निघाला. ‘पुंडलिक वरदे हरी विठ्ठल’ हा गजर त्यांच्याच कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणातून घेऊन शेवटच्या दोन सेकंदांत ठेवला. सगळे वारकरी ज्या गजरात देवाच्याही आधी पुंडलिकाचे नाव घेतात, तो या कथेनंतर आला तर निव्वळ पार्श्वसंगीत राहत नाही. शिवाय शॉर्ट संपताच पुन्हा सुरू होतो, तेव्हा गजरानंतर लगेच ‘कामात आहे, नंतर बोलू’ ऐकू येते. म्हणजे दुसऱ्या फेरीत नमन आपोआपच आधी येते, हे ऐकून बुवा हसले आणि तयार झाले.

दुसरा मतभेद वाक्यांच्या आदरार्थाचा होता. मी पुंडलिकाच्या तोंडी ‘यावर थांबा’ असे लिहिले होते. बुवांनी ते तिथल्या तिथे खोडले. विठ्ठलाला अहो-जाहो करणारा वारकरी मी पाहिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते निर्विवाद बरोबर होते. ‘थांब’ या एकेरीतच त्या दोघांचे नाते आहे. पुतणीला मात्र ‘वीट टाकली’ उर्मट वाटत होते आणि ‘वीट पुढे सरकवली’ असे सौम्य करावेसे वाटत होते. तिथेही बुवांचेच ऐकले. हात सेवेत गुंतलेल्या माणसाने उठून अदबीने वीट ठेवली तर कथाच उरत नाही.

चित्रीकरण आणि मांडणी

मूर्ती पहिल्या चौकटीत नसावी हे आधीच ठरले होते. त्यामुळे सुरुवात बुवांच्या चेहऱ्यावर, अगदी जवळून आणि संगीताशिवाय केली. फेटा, उपरणे, वीणा यांतले काही नाही. घरातल्या सदऱ्यावर बसलेला माणूस. कीर्तनकाराच्या पोशाखात हाच प्रश्न विचारला की तो पुन्हा व्यासपीठावरून आल्यासारखा ऐकू येई, हे चाचणीच्या चित्रीकरणात लक्षात आले.

आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी पहिले वाक्य पडद्यावर ठळक अक्षरांत दिले, पण संपूर्ण प्रश्न दिला नाही. फक्त ‘कामात आहे, नंतर बोलू.’ एवढेच. अक्षरे चौकटीच्या वरच्या मध्यभागी ठेवली, कारण खालचा भाग शीर्षक आणि चॅनेलच्या नावाने झाकला जातो आणि उजवी कड बटणांनी. मागच्या शॉर्ट्समध्ये अभंगाचे चरण नेमके तिथेच लिहिलेले होते आणि ते कोणालाच वाचता येत नव्हते. प्रश्नानंतरची एक सेकंदाची शांतता पुतणीने संकलनात दोनदा कापली आणि दोनदा परत घालावी लागली. रिकामी जागा दिसली की ती भरायची, हा संकलकाचा हात असतो. पण प्रश्न विचारून माणसाला आठवायला क्षणही दिला नाही, तर तो प्रश्न ठरत नाही. एक सेकंद हा तिथे वरचा टप्पा होता. दीड सेकंद ठेवून पाहिला तेव्हा मोबाइल अडकला की काय असे वाटत होते.

परिणाम

शॉर्ट आषाढीच्या आधीच्या आठवड्यात टाकला. आलेखाची सुरुवातीची घसरण पूर्णपणे थांबली नाही, ती कधीच थांबत नाही. पण जुन्या शॉर्ट्सच्या मानाने ती बरीच उथळ होती आणि शांततेच्या सेकंदाला वेगळी गळती दिसली नाही. विटेच्या वाक्यापर्यंत रेघ जवळपास सपाट राहिली. दुसरी स्पष्ट घसरण ‘आजही उभाच आहे’ या वाक्यानंतर झाली. कारण उघड होते. ते वाक्य इतके पूर्ण आहे की प्रेक्षकाला गोष्ट संपली असे वाटले, आणि शेवटचा प्रश्न ऐकायला त्यातले बरेच जण उरले नाहीत.

प्रतिक्रियांचे रूप मात्र बदलले. आधीच्या शॉर्ट्सखाली बहुतांशी ‘राम कृष्ण हरी’ किंवा ‘माउली’ असे असे. या वेळी लोकांनी प्रश्नाचे उत्तर दिले. ‘आईला’ हे उत्तर सर्वाधिक होते, यात नवल नाही. पण आपण हे वाक्य लेकीला म्हणतो असे लिहिणाऱ्या आया होत्या, आणि नोकरीसाठी परगावी असलेल्या भावाचे नाव घेणारेही होते. व्यक्ती मोकळी ठेवण्याचा निर्णय इथे उपयोगी पडला. आईवडील हयात नसल्याचे काहींनी लिहिलेच. ‘शेवटचा’ शब्द काढूनही ते टळले नाही, आणि टळावे असे आता मला वाटतही नाही. त्या प्रत्येकाला बुवांनी स्वतः दोन ओळी उत्तर लिहिले. ते काम पुतणीवर सोपवले नाही.

ज्या मूळ हेतूने हे सारे केले होते, तो म्हणजे शॉर्टला जोडलेल्या संपूर्ण कीर्तनाकडे लोकांनी वळावे, तो फारच थोडा साधला. तीस सेकंदांसाठी थांबलेला माणूस दीड तासासाठी थांबेल, ही अपेक्षाच बहुधा अवास्तव होती. मधला टप्पा, म्हणजे सहा-सात मिनिटांचे याच कथेचे निरूपण, चॅनेलवर नव्हते.

वेगळे काय करता येईल

पहिली दुरुस्ती क्रमाची आहे. ‘आजही उभाच आहे’ हे वाक्य शेवटच्या प्रश्नाच्या नंतर, गजराच्या लगेच आधी नेले तर घसरणीला जागाच राहत नाही. मात्र तसे केल्यास प्रश्न कथेच्या मधोमध येतो आणि त्याची धार कमी होते. त्यापेक्षा ते वाक्य जागेवर ठेवून पुढचे वाक्य न थांबता, त्याच श्वासात घ्यावे असे माझे मत आहे. बुवांच्या चढत्या स्वराने ते जमण्यासारखे आहे. संकलनात ती फट मिटवून उपयोग होत नाही, कारण ‘आहे’वर खाली उतरलेला स्वर शेवट जाहीर करूनच गेलेला असतो.

दुसरी गोष्ट एका प्रेक्षकाच्या आक्षेपातून आली. पुंडलिक आधी आईवडिलांशी वाईट वागत होता, काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, आणि ते वगळून त्याला जन्मजात आदर्श पुत्र का दाखवता, असे त्याने विचारले होते. आक्षेप रास्त आहे. ‘नंतर बोलू’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाला तो आधीचा पुंडलिक कदाचित अधिक जवळचा वाटला असता. पण दोन्ही पुंडलिक एका तीस सेकंदांत बसत नाहीत. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. म्हणून त्या भागाची स्वतंत्र संहिता सध्या लिहून होत आहे. तिच्या प्रश्नाचा खर्डा ‘घरात ज्यांच्यावर ओरडता, त्यांना घेऊन तीर्थयात्रेला निघाला आहात का?’ असा आहे. बुवांना तो अजून फार बोट रोखलेला वाटतो, आणि ‘ओरडता’च्या जागी काय घालावे यावर एकमत झालेले नाही.